‘मशीन बंद करा’ एवढे पुरत नाही: मेंटेनन्स मॅन्युअलमधल्या मराठी इशाऱ्यांची पार्श्वभूमी

नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये मराठी भरपूर दिसते. गेटजवळ कायद्याचा गोषवारा, पॅनेलवर कवटी आणि ‘धोका ४४० व्होल्ट’, भिंतीवर हेल्मेटच्या सूचना. मशीनचे मॅन्युअल मात्र इंग्रजीत असते आणि बहुधा मेंटेनन्सच्या कपाटात असते. दोन्हींची मुळे वेगवेगळ्या कायद्यांत आहेत.

फॅक्टरी ॲक्ट, १९४८ च्या कलम १०८ ने मुख्य प्रवेशद्वाराजवळची सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावणे बंधनकारक केले. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांमधल्या नियम ३५ ने धोक्याच्या पाटीवर हिंदी किंवा इंग्रजीसोबत जिल्ह्याची भाषा मागितली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे सातपूर आणि अंबडला कारखाने वाढत गेले तेव्हा मराठीची सक्ती पाटीपुरती होती, पुस्तकाला नव्हती. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कलम ७ब आले आणि यंत्र बनवणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर पुरेशी माहिती उपलब्ध करून देण्याची जबाबदारी पडली. ती कोणत्या भाषेत द्यायची, हे त्या कलमाने सांगितले नाही. (हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. शॉपमधली बरीच यंत्रे आणि त्यांचे कागद मात्र जुन्याच काळातले आहेत.)

मॅन्युअलमधल्या इशाऱ्याची घडण बाहेर झाली. अमेरिकेत १९८९ मध्ये दुरुस्तीपूर्वी यंत्राची ऊर्जा तोडून कुलूप लावण्याचा नियम निघाला. १९९१ मध्ये तिथल्या झेड५३५ या मानकमालेने डेंजर, वॉर्निंग आणि कॉशन या तीन पायऱ्यांची व्याख्या एकत्र मांडली: टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, होऊ शकते, आणि किरकोळ ते मध्यम इजा होऊ शकते. भरपाईच्या खटल्यांची धास्ती असल्याने वाक्ये वकिली वळणाची झाली. ‘आम्ही सांगितले होते’ हे सिद्ध व्हावे, हा त्यांचा निम्मा हेतू. जर्मन, जपानी, तैवानी यंत्रांबरोबर आलेल्या इंग्रजी मॅन्युअलमध्येही हीच वाक्ये शिरली.

त्यांचा मराठी अनुवाद होऊ लागला तेव्हा हाताशी सरकारी मराठी होती. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषा घडवत होते. त्या परिभाषेचा उपयोग पाठ्यपुस्तकाला आणि फाइलीला झाला, शॉप फ्लोअरला झाला नाही. हायड्रॉलिक प्रेसच्या मॅन्युअलमध्ये अशा वळणाचे वाक्य सहज सापडते:

‘ऊर्जेचे सर्व स्रोत विलग केल्याशिवाय व अवशिष्ट दाब मुक्त केल्याशिवाय देखभालीचे कोणतेही काम करू नये, अन्यथा गंभीर इजा अथवा मृत्यू संभवतो.’

व्याकरणात चूक नाही. पण ‘शिवाय’ दोनदा आणि वर ‘नये’, त्यामुळे नेमके काय करायचे ते वाचणाऱ्याने उलटे फिरवून काढायचे. इंग्रजीत नकार वाक्याच्या तोंडाशी येतो, मराठीत तो क्रियापदामागे शेवटी येतो. लांब वाक्यात तिथपर्यंत पोचेस्तोवर हात पान्यावर गेलेला असतो. शिवाय ‘स्रोत’ कोणते, ‘मुक्त’ कसा करायचा, हे वाक्यात नाहीच.

हा इशारा वाचून सील बदलायला गेलेला माणूस काय करील? स्टॉप बटण दाबील, फार तर मेन स्विच पाडील. शॉपमध्ये ‘मशीन बंद आहे’ हे मोटर थांबली तरी म्हणतात, मेन ऑफ असला तरी म्हणतात आणि कुलूप लागले तरी म्हणतात. प्रेसला ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखालचे तेल साठवणारी टाकी, असेल तर या तिन्ही अवस्थांत त्यातले तेल दाबाखाली असू शकते, कारण ते आतल्या नायट्रोजनने दाबलेले असते, पंपाने नव्हे. त्यात एक फसवी गोष्ट आहे. पंप आणि ॲक्युम्युलेटर यांच्यामध्ये तेल उलटे फिरू न देणारा चेक व्हॉल्व्ह असतो. पंप थांबला की पंपाकडच्या गेजचा काटा शून्यावर येऊ शकतो आणि व्हॉल्व्हच्या पलीकडे पूर्ण दाब तसाच राहतो. काटा पाहून कपलिंग सैल केली की तेलाची बारीक धार उडते. ती कातडीतून आत घुसते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतेही कमी, म्हणून मलमपट्टी करून माणूस कामाला लागतो. खरे तर त्याला तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायला हवे.

आणखी एक अडचण ‘बंद’ या शब्दातच आहे. सगळे बंद करा म्हटले की शिकाऊ माणूस ड्रेन व्हॉल्व्हही बंद करतो, आणि तोच तर उघडायचा असतो. म्हणून स्विचसाठी ‘ऑफ करा’ आणि व्हॉल्व्हसाठी ‘उघडा’ किंवा ‘बंद करा’ अशी विभागणी संपूर्ण मॅन्युअलभर पाळावी लागते. वरचा इशारा मग असा होतो:

धोका! मोटर थांबली तरी तेलात दाब राहतो. धार कातडीत घुसते, जीव जाऊ शकतो.
रॅम पूर्ण खाली टेकवा.
मेन आयसोलेटर ऑफ करा. आपले कुलूप लावा. किल्ली आपल्याच खिशात ठेवा.
ॲक्युम्युलेटरचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा.
ॲक्युम्युलेटरवरचे गेज पाहा. पंपाचे गेज पाहून चालणार नाही.
काटा शून्यावर आला, तरच पाना लावा.

एका ओळीत एकच काम किंवा त्याच कामाचा जोड, आणि क्रम हाताच्या हालचालीचा. आयसोलेटर, व्हॉल्व्ह, गेज हे शब्द तसेच ठेवले, कारण शॉपमध्ये तेच बोलतात. गेजवरचे आकडे द्यायचे असतील तर डायलवर जे अंक आहेत तेच छापावेत. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांची गल्लत घाईत होते. या सूचनेची मर्यादाही माहीत हवी. तेल निघाले तरी नायट्रोजन आत राहतोच. ॲक्युम्युलेटर स्वतः खोलायचा असेल तर हा इशारा पुरत नाही, त्याला वेगळा लागतो.

तीन पायऱ्यांचे भाषांतर अजून एकसारखे नाही. कॉशनला ‘सावधान’ लिहिण्याची पद्धत पडली, पण मराठी कानाला ‘सावधान’ हा ‘इशारा’पेक्षा चढा वाटतो, म्हणजे उतरंड उलटते. ‘धोका’, ‘इशारा’, ‘जपून’ हा क्रम आमच्या मते बरा आहे. रंग मात्र मूळचेच ठेवावेत: लाल, नारिंगी, पिवळा.

भाषांतर तपासताना ते पुन्हा इंग्रजीत करून घेण्याची रीत आहे. ती इथे फसते, कारण वरचे ‘विलग’वाले वाक्य इंग्रजीत अगदी बरोबर परतते. ‘समजले का?’ विचारण्यालाही अर्थ नाही, उत्तर ‘हो’ असते. ते मशीन न हाताळलेल्या कामगाराच्या हाती कागद द्यावा, दाब उतरवलेल्या प्रेसवर एकेक ओळ बोटाने दाखवून करायला सांगावी. तो कुठे थांबतो, कोणत्या गेजकडे पाहतो, ते बघावे. पेठ-सुरगाण्याकडची कोकणा बोलणारी मुले आणि ठेकेदाराकडचे हिंदी वाचणारे कामगार दोघांकडूनही करून घ्यावे.

छपाईने जुन्या काळी वेगळा घोळ घातला. युनिकोडपूर्व फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा कचरा होई. आजही कित्येक ऑपरेटर पॅनेल जोडाक्षरे तोडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर टाकतात. अशा स्क्रीनवर इशारा मजकूर म्हणून न टाकता चित्र म्हणून टाकावा.

सेकंडहँड प्रेसची गोष्ट वेगळी. मालक बदलताना कोणी ॲक्युम्युलेटर नंतर बसवलेला असतो, मॅन्युअल मूळ मॉडेलचे असते. अशा वेळी भाषांतराला बसण्याआधी मेंटेनन्सवाल्याला घेऊन सर्किट मशीनवर ताडून पाहावे आणि इशाऱ्याच्या स्टिकरवर मशीन नंबर व तारीख टाकावी.