संधिप्रकाशाच्या पट्टीतलं पंचांग

"सूर्य आकाशात एकाच जागी खिळलेला, मग तिथे पंचांग कसलं मांडणार?"

हा प्रश्न एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहील असा बांधलेल्या ग्रहाबद्दलचा; त्याच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर संधिप्रकाशाची पट्टी असते. पण कक्षा जराशी लांबट असली की तिथला सूर्य डोलतो. ग्रह स्वतःभोवती एकसारखा फिरतो, ताऱ्याभोवतीचा वेग मात्र कमीजास्त होतो. आपल्या चंद्राचंही हेच. म्हणून त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला आलटूनपालटून दिसतो.

प्रॉक्सिमा बी हा आपल्या सर्वात जवळच्या ताऱ्याचा, प्रॉक्सिमा सेंटॉरीचा, ग्रह ११.२ दिवसांत फेरी मारतो. तो असाच बांधलेला आणि कक्षेची विकेंद्रता, म्हणजे लांबटपणाचं माप, ०.०५ धरली, तर विषुववृत्तावर पट्टीच्या मधोमध सूर्य क्षितिजाच्या जेमतेम सहा अंश वर येतो, तितकाच खाली जातो. तिथल्या ११.२ दिवसांच्या वर्षातून एकच सूर्योदय, मग साधारण साडेपाच दिवस उजेड! बाहेरची कामं याच लयीत बसवावी लागतील. झोपेला मात्र घड्याळच हवं. ग्रह पृथ्वीएवढा असेल, तर अंधाराकडे आठशे किलोमीटर सरकल्यावर सूर्य कधीच उगवत नाही.