रॅक व्यवस्थापन (अक्षर-टाइलांचे शब्दखेळ)

रॅक व्यवस्थापन : स्क्रॅबल व त्याच्या धर्तीवरील शब्दखेळांत प्रत्येक खेळीनंतर हाती उरणाऱ्या अक्षरांचा विचार करून शब्द निवडण्याची पद्धत. खेळाडूसमोरच्या लाकडी वा प्लॅस्टिकच्या पट्टीला रॅक म्हणतात आणि तिच्यावर सात टाइल असतात. शब्द मांडल्यावर पट्टीवर जी अक्षरे मागे राहतात, त्यांना खेळाडूंच्या बोलीत ‘लीव्ह’ म्हणजे शिल्लक असे नाव आहे. खेळीची खरी किंमत तिचे गुण आणि या शिलकेचे मूल्य यांची बेरीज करून ठरते, हे या पद्धतीचे गृहीतक होय. प्रस्तुत नोंदीत इंग्रजी स्क्रॅबलचाच विचार केला आहे, कारण या विषयावरील बहुतेक लेखन त्याच भाषेतील संचावर आधारलेले आहे.

शिलकेला किंमत का येते, याचे उत्तर खेळाच्या रचनेत आहे. न्यूयॉर्क राज्यातील वास्तुविशारद अल्फ्रेड मोशर बट्स यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी, बहुधा 1931 ते 1933 च्या दरम्यान, ‘लेक्सिको’ नावाचा बिनपटाचा खेळ तयार केला. पट साधारणतः 1938 च्या सुमारास जोडला गेला असे मानले जाते. अक्षरांची संख्या ठरवताना बट्स यांनी वृत्तपत्रांतील अक्षरांची वारंवारता मोजली होती. मात्र एस हे अक्षर त्यांनी मुद्दाम कमी, म्हणजे चारच ठेवले. अनेकवचनाचा प्रत्यय लावून सोपे गुण मिळू नयेत, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. गंमत अशी की, या टंचाईमुळेच एस संचातील सर्वांत मोलाच्या टाइलांपैकी एक ठरली. 1948 मध्ये जेम्स ब्रुनो यांनी खेळाला स्क्रॅबल हे नाव देऊन तो बाजारात आणला. सातही टाइल एकाच खेळीत मांडल्यास 50 गुणांचे बक्षीस देण्याच्या नियमाचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. अभ्यासकांचा कल तेच मान्य करण्याकडे दिसतो, तरी बट्स यांच्या आरंभीच्या आवृत्त्यांतही लांब शब्दांना अधिक गुण देण्याची कल्पना होती. रॅक व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे 50 गुण निर्णायक आहेत. ते नसते तर शिल्लक जपण्याचे कारण बरेच दुबळे झाले असते.

इंग्रजी संचात 100 टाइल असतात. त्यांपैकी 42 स्वर, 56 व्यंजने (वाय धरून) आणि कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या दोन कोऱ्या टाइल. ई बारा, ए व आय प्रत्येकी नऊ, ओ आठ आणि यू चार अशी स्वरांची वाटणी आहे. पिशवीतून अनेकदा सात टाइल काढल्या, तर सरासरी तीनला किंचित कमी स्वर आणि चारला किंचित कमी व्यंजने येतात. सातांत तीन स्वर व चार व्यंजने हा समतोल इष्ट मानण्याची रूढी याच गणिताशी जुळते. पण समतोल प्रत्यक्षात शिलकेचा पाहायचा असतो आणि तोही पुढे येणाऱ्या अक्षरांच्या हिशेबाने. हाती दोन स्वरच ठेवले आणि पाच टाइल काढल्या, तर त्यांत सरासरी दोन स्वर येतात, म्हणजे पट्टीवर चार स्वर आणि तीन व्यंजने होतात. दोन व्यंजने ठेवली तर उलट पाच व्यंजने व दोन स्वर असे चित्र दिसते. दोन्हींत थोडे असंतुलन आहे. मात्र स्वरांचे ओझे अधिक जड मानले जाते. इंग्रजीत एकामागून एक स्वर येणारे शब्द कमी आहेत आणि व्यंजने मात्र आपापसांत सहज गुंफली जातात. त्यामुळे एखाद-दुसरे व्यंजन अधिक असलेली शिलकच सुरक्षित, असा जाणकारांचा सर्वसाधारण कौल आहे.

समतोलाइतकाच पुनरावृत्तीचा प्रश्न महत्त्वाचा. एकच अक्षर दोनदा उरले तर त्यातून होणाऱ्या शब्दांची संख्या घटते. आय, यू आणि व्ही यांच्या बाबतीत हा तोटा ठळक आहे. ई हे त्याला काहीसे अपवाद ठरते, कारण दोन ई असलेले शब्द इंग्रजीत विपुल आहेत.

व्यवहारातील निवड एका उदाहरणाने स्पष्ट होते. पहिलीच खेळी आहे आणि पट्टीवर ए, ई, आर, एस, टी, व्ही, डब्ल्यू अशी अक्षरे आहेत. पहिल्या शब्दाचे गुण मधल्या चौकोनामुळे दुप्पट होतात. शिवाय शब्द त्या चौकोनावर संपवून पाच अक्षरांचा ठेवला, तर त्याचे पहिले अक्षर दुप्पट गुणांच्या चौकोनावर पडते. ‘वेव्हर’ (डब्ल्यू, ए, व्ही, ई, आर) हा शब्द असा मांडला, तर अक्षरांचे मूळ गुण 11, त्यांत डब्ल्यूचे जादा 4 मिळवून 15 आणि दुप्पट करून 30 गुण होतात. मागे एस व टी उरतात. त्याच जागी शेवटी एस जोडून ‘वेव्हर्स’ केले, तर 32 गुण मिळतात आणि एकटी टी उरते. तिसरा पर्याय ‘वेव्ह’ हा चार अक्षरी शब्द. त्याला जादा गुणांचा चौकोन मिळत नाही, म्हणून गुण 20 आणि शिल्लक आर, एस व टी.

नवखा खेळाडू सहसा 32 गुण घेतो. दोन गुणांसाठी त्याने एस खर्च केलेली असते. आधुनिक मोजणीनुसार एसची किंमत साधारण आठ गुणांच्या आसपास धरतात. कोऱ्या टाइलची किंमत सुमारे 25 गुण, म्हणजे तिच्या शून्य दर्शनी गुणांच्या मानाने फारच मोठी. टी आणि आर एकेकट्या घेतल्या तर शून्याच्या जवळपास राहतात. या अंदाजाने ‘वेव्हर’चे एकूण मूल्य 38 च्या आसपास येते, ‘वेव्हर्स’चे 32 च्या आसपास आणि ‘वेव्ह’चे 28 च्या आसपास. पहिली निवड सहा गुणांनी सरस ठरते. ‘वेव्ह’ची तुलना अधिक बोधप्रद आहे. तिथे खेळाडू शिलकेच्या मोहाने 10 गुण सोडतो आणि मोबदल्यात एक साधी आर मिळवतो. शिल्लक जपणे म्हणजे कमी गुणांची खेळी खेळणे नव्हे, हे येथे दिसते.

या उदाहरणातील उणी बाजूही सांगितली पाहिजे. एस व टी या दोन्ही व्यंजनांना एकही स्वर सोबत नाही. न दिसलेल्या 93 टाइलांत 40 स्वर उरले आहेत. पाच टाइल काढल्यावर त्यांत एकही किंवा एकच स्वर येण्याची शक्यता सुमारे 28 टक्के आहे. म्हणजे चारांपैकी एकाहून थोड्या अधिक वेळा पट्टी व्यंजनांनी गच्च भरलेली मिळेल. तरीही एसच्या किमतीपुढे हा धोका लहान मानावा लागतो. पटाचा विचारही येथे डोकावतो. ‘वेव्हर’पुढे प्रतिस्पर्धीसुद्धा एस जोडू शकतो, पण संचातील चारांपैकी एक एस आपल्याच हाती असल्याने ही उघडी जागा सर्वस्वी परक्याची राहत नाही.

शिलकेच्या किमती आकड्यांत मांडण्याचा प्रारंभ नेमका कोठे झाला, यावर एकमत नाही. अमेरिकेत स्पर्धात्मक खेळ 1970 च्या दशकात संघटित झाला आणि पहिली उत्तर अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा 1978 मध्ये भरली. अनुभवी खेळाडूंना चांगली शिल्लक कशी ओळखावी, हे तेव्हापासूनच उमगलेले असावे. आकडे मात्र बहुधा संगणकाच्या साहाय्यानेच स्थिरावले. ब्रायन शेपर्ड यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यापासून विकसित केलेल्या ‘मेव्हन’ या संगणक-कार्यक्रमाचे त्यात मोठे योगदान आहे. 1998 मध्ये त्याने ॲडम लोगन यांना एका प्रदर्शन-सामन्यांच्या मालिकेत 9-5 असे हरवले, आणि 2002 मध्ये शेपर्ड यांनी त्याची रचना विस्ताराने प्रसिद्ध केली. मेव्हनचा मूल्यमापनविभाग सुट्या टाइलांची किंमत, जोड्यांतील पुनरावृत्तीची भरपाई आणि स्वर-व्यंजनांचा समतोल अशा घटकांची बेरीज करत असे. त्याच्या किमती स्वतःशीच असंख्य डाव खेळून ठरल्या होत्या.

येथे एक तांत्रिक मतभेद आहे, आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही. समतोल हा स्वतंत्र घटक म्हणून मोजावा की नाही? एका मतानुसार सुट्या टाइलांच्या किमतीत समतोलाचा परिणाम येत नाही, म्हणून त्यासाठी वेगळी दुरुस्ती आवश्यक आहे. दुसऱ्या मतानुसार समतोल हे केवळ एक सोयीचे लघुरूप आहे. प्रत्येक संभाव्य शिलकेची किंमत थेट मोजता आली, तर समतोल त्यात आपोआप समाविष्ट होतो. एक ते सहा टाइलांच्या सर्व शक्य शिलका इंग्रजी संचात 9,14,624 इतक्या भरतात आणि आजच्या संगणकाला ही संख्या जड नाही. ‘क्वॅकल’ या मुक्त-स्रोत कार्यक्रमाच्या पुढच्या टप्प्यांत हा दुसरा मार्ग अवलंबला गेला. 2006 मध्ये टोरंटो येथे क्वॅकलने माजी विश्वविजेते डेव्हिड बॉइस यांना पाच डावांच्या सामन्यात 3-2 असे हरवले. सारणीचा मार्ग अधिक अचूक आहे यात संशय नाही, पण पटासमोर बसलेल्या माणसाला नऊ लाख आकडे पाठ करता येत नाहीत. त्यामुळे समतोलाची जुनी कसोटी सरावात टिकून आहे, आणि ती टिकण्याचे कारणही हेच.

सारणीतील किमती सरासरी असतात, त्यामुळे त्यांना मर्यादा आहेत. पिशवीत एकही कोरी टाइल उरली नसेल किंवा चारही एस खेळून झाल्या असतील, तर त्यांच्यावर बेतलेली गणिते बदलतात. यू हाती ठेवण्याचे मोल क्यू अजून पिशवीत आहे की पटावर आला, यावर अवलंबून असते. खेळाडू यासाठी खेळलेली अक्षरे कागदावर खोडत जातात. त्याला टाइल-मोजणी म्हणतात. काही अनिश्चित प्रसंगांत संगणक ‘सिम्युलेशन’चा आधार घेतो. प्रत्येक पर्याय मांडून प्रतिस्पर्ध्याला यादृच्छिक पट्ट्या देऊन पुढच्या दोन-तीन खेळ्या शेकडो वा हजारो वेळा खेळवल्या जातात आणि गुणांतराची सरासरी पाहिली जाते.

पट्टी पूर्णपणे बिघडली, म्हणजे उदाहरणार्थ पाच स्वर आणि त्यांत दोन यू अशी अवस्था झाली, तर शब्द न मांडता टाइल बदलून घेण्याचा पर्याय उरतो. त्या खेळीला शून्य गुण मिळतात आणि प्रचलित नियमानुसार पिशवीत किमान सात टाइल असणे आवश्यक असते. कोणती अक्षरे ठेवून बाकीची परत टाकावीत, हा शिलकेचाच निर्णय आहे. बदल करणारा खेळाडू सहसा एस किंवा कोरी टाइल कधीच परत करत नाही.

पिशवी रिकामी होऊ लागली की शिलकेचे मूल्य झपाट्याने घटते. पुढे काढायला अक्षरेच नसल्यास ‘भविष्य’ उरत नाही. मग प्रश्न फक्त हातातील टाइल कोणत्या क्रमाने संपवायच्या एवढाच राहतो. प्रतिस्पर्ध्याने आधी हात संपवला, तर उरलेल्या टाइलांच्या गुणांचा भुर्दंड पडतो. क्यूसारखी दहा गुणांची टाइल हाती अडकणे तेव्हा महागात पडते.

इतर भाषांतील संचांना हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण अक्षरसंख्या आणि स्वरांचे प्रमाण वेगळे असते. देवनागरीत तर प्रश्नच निराळा होतो. स्वर बहुधा मात्रेच्या रूपात व्यंजनाला चिकटलेला असतो आणि जोडाक्षरही एकच अक्षर मानले जाते. मराठीसाठी टाइल करायच्या झाल्यास मात्रा वेगळी टाइल धरायची की अक्षरात मिळवलेली, यावर स्वर-व्यंजन समतोलाला अर्थ आहे की नाही हेच ठरेल.