रेसेमिक अमाइनचे डायास्टेरिओमेरिक क्षारांद्वारे विभेदन

एखाद्या अमाइनचे उजवे आणि डावे रेणू समप्रमाणात मिसळलेले असतील, तर त्या रेसेमिक मिश्रणाला एकाच हाताचे, म्हणजे कायरल, आम्ल घालून क्षार बनवायचे आणि दोन क्षारांच्या विद्राव्यतेतील फरकाचा फायदा घेऊन त्यांतला एक स्फटिकरूपात खाली पाडायचा, अशी ही पद्धत आहे. प्रयोगशाळेत सर्रास तिला ‘रेझोल्यूशन’ म्हणतात. 1-फिनाइलएथिलअमाइन आणि टार्टारिक आम्ल ही जोडी तिचे ठरलेले उदाहरण असून ही नोंद मुख्यतः त्याच जोडीवर आहे.

अशा उजव्या-डाव्या रेणूंचा, म्हणजे दोन एनान्शिओमरांचा, उत्कलनबिंदू, घनता आणि साध्या द्रावकातील विद्राव्यता सारखीच असते. त्यामुळे ऊर्ध्वपातनाने किंवा साध्या निष्कर्षणाने ते वेगळे होत नाहीत. पण दोघांनाही एकाच हाताचे आम्ल जोडले की बनणारे क्षार एकमेकांची आरशातली प्रतिमा राहत नाहीत. अमाइनचा भाग उलटा असतो, आम्लाचा भाग मात्र दोघांत तोच. हे दोन क्षार डायास्टेरिओमर होत. स्फटिकात टार्टरेटचे आयन हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून थर बनवतात आणि त्या थरांमध्ये अमोनियम आयनांना जागा मिळवावी लागते. एका हाताचा आयन तिथे नीट बसतो, दुसरा अडखळतो. जो नीट बसतो त्याचा क्षार कमी विरघळतो. मात्र कोणत्या अमाइनसाठी कोणते आम्ल लागू पडेल हे कागदावर आधी सांगणे आजही अवघड असते, म्हणून चार-पाच आम्ले आणि तीन-चार द्रावके लहान नळ्यांत घालून पाहणे हाच खरा मार्ग.

पाश्चरने 1848 मध्ये सोडियम अमोनियम टार्टरेटचे उजवे-डावे स्फटिक चिमट्याने निवडले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. या पद्धतीचा उगम मात्र त्याच्या 1853 च्या कामात आहे. तेव्हा त्याने सिंकोना अल्कलॉइडांपासून मिळवलेले कायरल बेस वापरून रेसेमिक टार्टारिक आम्ल वेगळे केले. अमाइनच्या विभेदनात तीच युक्ती उलटी चालते. लाडेनबुर्गने 1886 मध्ये संश्लेषित कोनीन याच मार्गाने, टार्टारिक आम्ल वापरून वेगळे केले.

टार्टारिक आम्लाची निवड स्वस्ताईमुळे होते. निसर्गात मिळणारे, चिंचेत आणि द्राक्षात असणारे आम्ल हे आर,आर प्रकारचे, म्हणजे एल-(+)-टार्टारिक. बाटलीवर ‘डीएल’ लिहिलेले असेल तर ते रेसेमिक असते आणि या कामाला निरुपयोगी. स्फटिक त्यातूनही छान पडतात, पण शेवटी प्रकाशाचे वलन मोजणारा पोलरीमीटर शून्य दाखवतो. प्रतिबिंबाचे एस,एस आम्लही विकत मिळते आणि त्याने अमाइनचा दुसरा हात खाली पडतो, पण ते बरेच महाग असते.

प्रत्यक्ष कृतीसाठी 0.1 मोलचा हिशेब सोयीचा आहे. 15 ग्रॅम टार्टारिक आम्ल 215 मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये शंकूपात्रात घेऊन जवळपास उकळेपर्यंत तापवायचे. मेथॅनॉल 65 अंशाला उकळते, विषारी आहे आणि सहज पेटते, म्हणून बर्नर नको, हॉट प्लेट आणि धूरकपाट हवे. मग 12.1 ग्रॅम रेसेमिक अमाइन थोडे थोडे घालायचे. आम्ल आणि अमाइन एकत्र येताना उष्णता निघते आणि द्रावक आधीच उकळीच्या काठावर असतो, त्यामुळे घाईने ओतले तर पात्रातले सगळे उसळून बाहेर येते. बाटली जुनी असेल तर अमाइनने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तोंडापाशी पांढरा थर जमवलेला असतो. असा अमाइन घातला की फेस येतो आणि तोललेले वजनही खरे राहत नाही. आम्लाचे प्रमाण एकास एक ठेवायचे. टार्टारिकमध्ये दोन आम्लगट असल्याने आम्ल अर्धेच घातले, तर दोन अमाइनना एक आम्ल असा निराळाच क्षार बनू शकतो आणि त्याला या कृतीतले आकडे लागू होत नाहीत.

पुढचे काम थांबण्याचे. पात्र झाकून, न हलवता, खोलीच्या तापमानाला रात्रभर किंवा पूर्ण दिवस ठेवायचे. खाली पडतो तो अमाइनच्या एका हाताचा, म्हणजे एस-अमाइनचा, हायड्रोजन टार्टरेट, आणि त्याचा योग्य आकार प्रिझमचा असतो: जाडसर, कडा असलेले, तळाशी चिकटून बसणारे दाणे. कधी कधी त्याऐवजी बारीक, कापसासारख्या गुंतलेल्या सुया येतात आणि पात्र भरून जाते. नवख्याला वाटते की पीक उत्तम आले. पण या सुयांपासून मिळणारा अमाइन शुद्ध नसतो आणि त्या गाळायलाही त्रास देतात. तेव्हा पात्र पुन्हा तापवायचे, सुया विरघळू द्यायच्या आणि अगदी हळू थंड करायचे. आधीच्या खेपेचा एखादा प्रिझम जपून ठेवला असेल तर बीज म्हणून तो टाकायचा. प्रिझम आणि सुया मिसळून आल्या असतील, तर सुया आधी विरघळतात, त्यामुळे बेताने तापवून प्रिझम शिल्लक ठेवता येतात आणि तेच बीजाचे काम करतात. बर्फात पात्र ठेवून वेळ वाचवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण थंडी वाढली की दुसरा क्षारही सोबत खाली येतो.

‘खोलीचे तापमान’ हे शब्द पुस्तकात निरुपद्रवी दिसतात, वडोदऱ्यात ते ऋतूवर अवलंबून असतात. मे महिन्यात बाहेर पारा 40 च्या वर जातो आणि पंख्यावर चालणाऱ्या प्रयोगशाळेतले द्रावण जानेवारीतल्यापेक्षा बरेच गरम राहते. मग ‘क्रिस्टल पडले का?’ या प्रश्नाला दुसऱ्या दिवशीही नकार मिळतो, किंवा उत्पन्न निम्म्यावर येते. यावर उपाय म्हणजे 20 ते 25 अंशांवर स्थिर असलेले पाण्याचे टब. पुढच्या पायरीतही उन्हाळा आडवा येतो. जुन्या कृतींत अमाइन काढायला डायएथिल ईथर सांगितलेले असते. ते 35 अंशांखालीच उकळते, म्हणजे दुपारी पृथक्करण नरसाळ्याचे बूच काढताच फवारा उडू शकतो. टर्शरी-ब्युटाइल मेथिल ईथर 55 अंशांना उकळते आणि इथे तेच शहाणपणाचे. द्रावकाबाबत आणखी एक स्थानिक अडचण आहे: गुजरातेत दारूबंदी असल्याने एथॅनॉलला परवाना लागतो, त्यामुळे मेथॅनॉलऐवजी ‘थोडे एथॅनॉल वापरून पाहू’ हे म्हणण्याइतके सोपे नसते.

समजा, गाळून, थोड्या थंड मेथॅनॉलने धुऊन आणि वाळवून 10.5 ग्रॅम क्षार हाती आला. या क्षाराचे मोलर वजन 271 आहे. मिश्रणात एस-अमाइन 0.05 मोलच होता, म्हणून शुद्ध क्षार जास्तीत जास्त 13.6 ग्रॅम मिळू शकतो. वाळलेल्या क्षाराचे वजन याहून अधिक भरले, तर पुढे काही मोजण्याआधीच कळते की दुसरा हात त्यात मिसळला आहे. 10.5 ग्रॅम म्हणजे 0.0387 मोल. यातून अमाइन मोकळा करायला प्रत्येक मोलमागे दोन मोल सोडियम हायड्रॉक्साइड लागतो, एक अमोनियमसाठी आणि एक टार्टारिकच्या उरलेल्या आम्लगटासाठी. इथे 0.077 मोल लागेल, म्हणून 2 मोलरचे 50 मिलिलिटर द्रावण पुरून उरते. एकच मोल धरून हिशेब केला तर अमाइनचा बराच भाग क्षाररूपात पाण्यातच राहतो आणि ‘उत्पन्न कुठे गेले’ हे कोडे पडते. सोडियम टार्टरेट पाण्यात जाते, अमाइन ईथरच्या थरात येतो. तो थर वाळवून ईथर उडवले की 4.7 ग्रॅमपर्यंत, म्हणजे जेमतेम 5 मिलिलिटर, बिनरंगी अमाइन मिळतो.

शुद्धता पोलरीमीटरवर पाहतात, आणि बहुतेक चुका इथेच होतात. द्रावकाशिवाय मोजलेल्या शुद्ध एस-अमाइनचे विशिष्ट वलन सुमारे −40 अंश असते. एक डेसिमीटरच्या नळीत दिसलेल्या कोनाला घनतेने, सुमारे 0.95 ने, भागले की हा आकडा येतो. नळी भरायला अमाइन पुरला नाही तर विद्यार्थ्यांच्या दोन गटांचा माल एकत्र करतात, किंवा एथॅनॉलमध्ये विरघळवून मोजतात. पण एथॅनॉलमधल्या द्रावणाचे वलन सुमारे −30 असते. तिथे −30 आले आणि ते −40 शी ताडून पाहिले, तर चांगला, पूर्ण शुद्ध नमुना 75 टक्क्यांचा ठरतो. तुलना नेहमी त्याच द्रावकातल्या, तितक्याच संहतीच्या आकड्याशी हवी. ईथर पूर्ण उडाले नसेल तरी वलन कमी दिसते आणि दोष बिचाऱ्या स्फटिकांवर येतो.

आपल्या नमुन्याचे विशिष्ट वलन द्रावकाशिवाय −36 आले असे धरू. 36 ला 40 ने भागले की एनान्शिओमेरिक आधिक्य 90 टक्के येते. याचा अर्थ 90 टक्के एस आणि 10 टक्के आर असा नव्हे. उरलेले 10 टक्के रेसेमिक असून त्यात निम्मा एस आहे, म्हणून मिश्रण 95 आणि 5 चे आहे. सुधारणा करायची तर ती अमाइन मोकळा करण्याआधी, क्षाराच्या अवस्थेत करावी: गरम मेथॅनॉलमधून एकदा पुन्हा स्फटिक पाडले की वजन घटते आणि शुद्धता वाढते. दोन्ही क्षार एकाच स्फटिकजालात मिसळून घन द्रावण बनवत असतील, तर कितीही वेळा स्फटिक पाडले तरी शुद्धता मुंगीच्या पावलाने वाढते. अशा वेळी आम्ल बदलणेच योग्य. अचूक आकडा हवा असेल तर कायरल स्तंभावरची एचपीएलसी पोलरीमीटरपेक्षा विश्वासार्ह, कारण ती दोन हात वेगवेगळी शिखरे म्हणून दाखवते.

महागड्या आम्लाची बचत करण्यासाठी पोप आणि पीची यांनी 1899 मध्ये वेगळी वाट काढली. कायरल आम्ल अर्धाच मोल घ्यायचे आणि उरलेल्या अमाइनसाठी हायड्रोक्लोरिक आम्ल. कमी विरघळणारा कायरल क्षार खाली पडतो, दुसरा हात जास्त विद्राव्य हायड्रोक्लोराइड म्हणून द्रावणात राहतो. कारखान्यांत ही कल्पना आजही वापरात आहे. औषधांमध्ये सर्ट्रालीन हे ठळक उदाहरण: तिथे रेसेमिक सिस-अमाइनमधून हवा तो हात मँडेलिक आम्लाच्या क्षाराने वेगळा केला जातो.

गाळल्यावर उरलेल्या मातृद्रवात आर-अमाइन जास्त असतो, पण शुद्ध नसतो, कारण एस-क्षाराचा काही भाग त्यात विरघळलेलाच राहतो. मेथॅनॉल उडवून आणि अल्कलीने अमाइन मोकळा करून त्याला एस,एस-टार्टारिक आम्ल दिले की आता आर-अमाइनचा क्षार प्रिझमच्या रूपात पडतो. सुरुवातीचे मिश्रण आधीच आरकडे झुकलेले असल्याने महागडे आम्लही या वेळी कमी लागते.