आई पॉझिटिव्ह म्हणजे बाळ पण पॉझिटिव्ह?

"बायकोचा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, आता बाळाला होणारच ना? माझी आई म्हणते अंगावरचं दूधपण पाजायचं नाही."

नाही हो, दूध खुशाल पाजू दे. हा व्हायरस बहुतेक वेळा डिलिव्हरीच्या वेळी आईच्या रक्तातून बाळाला लागतो, म्हणून खरी घाई जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांची असते. आमच्या पेडण्यातल्या एका वहिनीचं असंच झालेलं. तिसऱ्या महिन्यात एचआयव्ही आणि सिफिलिससोबत ही टेस्ट केली म्हणून कळलं, नायतर तिला काडीचा त्रास नव्हता. मग व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते तपासलं, तो 2 लाखांच्या वर आला म्हणून सातव्या महिन्यापासून व्हायरस कमी करणारी टेनोफोविरची गोळी, आणि बाळ जन्मल्यावर 12 तासांच्या आत दोन वेगवेगळ्या मांड्यांत दोन इंजेक्शनं, एक लस आणि एक इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटिबॉडी. पुढचे डोस दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी, ते चुकवायचे नाहीत हां. इतकं करूनही थोड्या बाळांना लागण होते, म्हणून 9 ते 12 महिन्यांत बाळाचं रक्त तपासतात, वहिनीच्या बाळाचं निगेटिव्ह आलं. तुम्ही आत्ताच डॉक्टरांना विचारा, इम्युनोग्लोब्युलिन डिलिव्हरीच्या दिवशी हाताशी असेल ना, कारण ते सगळीकडे मिळत नाही.