दिसणारी गळती आणि न दिसणारी गळती

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरातून नोव्हेंबरात फोन आला. "पंपाच्या ग्लँडातून पाणी थांबतच नाही. तीन वेळा दोरी बदलली, नट आता शेवटाला आले. येऊन बघून जाता काय?" मी गेलो. बागेच्या वरच्या अंगाला तळी, तिच्या बांधाखालून पाइप खाली पंपाकडे येतो. तिथून दहा हॉर्सपॉवरचा पंप पाणी सुमारे तीस मीटर उंचावरच्या टाकीत चढवतो, आणि टाकीतून ते माडां-पोफळींना सोडतात. ग्लँडाखाली, म्हणजे शाफ्ट पंपातून बाहेर येतो त्या जागेखाली, चिखलाचं डबकं झालं होतं. पंप चालू असताना स्टफिंग बॉक्सला हात लावला तर दोन सेकंदही ठेववेना, आणि तरी पाण्याची धार काही तुटत नव्हती.

बागायतदार काकांना मी पहिलं जे सांगितलं ते त्यांना विचित्रच वाटलं. ग्लँडातून पाणी मुळीच येऊ नये, ही अपेक्षाच चुकीची आहे.

फिरणारा शाफ्ट पंपाच्या पोटातून बाहेर जिथे येतो, तिथे त्याच्याभोवती स्टफिंग बॉक्स असतो. त्यात चौकोनी विणीच्या दोरीची वेटोळी भरतात आणि बाहेरून ग्लँडच्या दोन नटांनी ती दाबतात. शाफ्टवर चढवलेली नळी, म्हणजे स्लीव्ह, मिनिटाला दीड-तीन हजार फेऱ्यांनी या दोरीवर घासत असते. तिला थंड ठेवणारं आणि बुळबुळीत ठेवणारं एकच वंगण तिथे असतं, ते म्हणजे झिरपणारं पाणी. अशा लहान पंपाला मिनिटाला चाळीस ते साठ थेंब पडले तर ग्लँड ठीक आहे असं समजावं. थेंब पूर्ण बंद केले की दोरीतली ग्रॅफाइट-चरबी जळते, दोरी लाकडासारखी कडक होते आणि स्लीव्हला कानसासारखी खरवडू लागते. एकदा स्लीव्हवर खाचा पडल्या की नवी दोरीही टिकत नाही, कारण पाणी खाचांमधूनच वाट काढतं. (हे सगळं दोरीच्या ग्लँडाबद्दल आहे. मेकॅनिकल सील असेल तर तिथून उघड थेंब पडणं हीच तक्रार समजावी.)

म्हणून नवी दोरी भरल्यावर नट हातानेच बसवायचे आणि पंप सुरू करून पाणी चांगलं वाहू द्यायचं. मग पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही नट सारखे, एका वेळी फक्त एक पैलू, म्हणजे फेरीचा सहावा हिस्सा आवळायचे. पुन्हा तितकंच थांबायचं, बॉक्स हाताने चाचपायचा, थेंब मोजायचे. तासाभरात हवा तो वेग येतो. घाईघाईने अर्धी फेरी आवळणारा माणूस त्या दिवशी गळती थांबवतो खरा, पण त्याची किंमत स्लीव्ह चुकवते.

इथे मात्र नट आवळूनही धार तशीच, वर बॉक्स तापलेला. दोष नुसत्या दोरीचा असता तर आवळल्यावर निदान काही तास तरी फरक पडला असता. धार शाफ्टच्या फेरीबरोबर कमी-जास्त होत असती तर मी आधी बेअरिंग किंवा वाकलेला शाफ्ट शोधला असता. ती एकसारखी होती, म्हणून मी काकांना विचारलं, "टाकी भरायला आता किती वेळ लागतो?" ते म्हणाले, "पूर्वीपेक्षा जास्त लागतो. पण ते पाणी इथे वाया जातं म्हणूनच ना?"

हाच तो सर्वसाधारण गैरसमज. मिनिटाला साठ थेंब म्हणजे जेमतेम तीन मिलिलिटर, दिवसभरात चारेक लिटर. ग्लँडातून धार लागली तरी ती पंपाच्या एकूण पाण्यापुढे किरकोळच. टाकी उशिरा भरायला लागते ती दुसऱ्याच गळतीमुळे, आणि ती पंपाच्या आत होते, डोळ्यांना दिसत नाही.

पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक, म्हणजे इम्पेलर, पाणी दाबून बाहेर ढकलतो तेव्हा त्याच्या एका बाजूला जास्त दाब असतो, तर तोंडाशी, जिथून पाणी आत येतं तिथे, कमी. दोन्हींमध्ये आडोसा म्हणून वेअर रिंग असते. केसिंगमधल्या रिंगेत इम्पेलरचं तोंड न घासता फिरतं, मधे बारीक फट. या पंपाची रिंग शंभर मिलिमीटर व्यासाची होती. तिला व्यासावर ०.४ मिलिमीटर, म्हणजे चोहोबाजूंनी ०.२ मिलिमीटर फट असावी. एवढ्याशा फटीतूनही अशा दाबाखाली ढोबळ हिशेबाने सेकंदाला अर्धा-पाऊण लिटर पाणी परत मागे जातं. मिनिटाला चाळीसेक लिटर! पंप ते पुन्हा पुन्हा उचलतो आणि वीजही त्यावर खर्च होते. नव्या पंपात हे गृहीतच धरलेलं असतं. फट तिप्पट झाली की गळतीही जवळपास तिप्पट होते.

पण त्याचा ग्लँडाशी काय संबंध? या पंपाला इम्पेलरच्या पाठीमागेही एक वेअर रिंग होती आणि इम्पेलरच्या पाठीत काही भोकं. मागच्या रिंगेतून जे पाणी झिरपतं ते या भोकांतून सक्शनकडे, म्हणजे पाणी आत येतं त्या बाजूला, निघून जातं. त्यामुळे स्टफिंग बॉक्ससमोरचा दाब कमीच राहतो आणि दोरीवर भार येत नाही. मागची रिंग झिजली की पाणी इतकं येतं की भोकांना ते आवरत नाही. दाब बॉक्सकडे वळतो. आपण दोरीला दोष देतो, पण तिला तिच्या ताकदीबाहेरचं काम पडलेलं असतं.

मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटून पंप उघडला. व्हर्नियरने रिंगेचा आतला व्यास दोन काटकोनी दिशांनी घेतला, इम्पेलरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास घेतला आणि वजा केला. पुढे १.० मिलिमीटर, मागे १.२. सर्वसाधारण नियम असा, की फट मूळच्या दुप्पट झाली की रिंग बदलावी. इथे ती मर्यादा केव्हाच ओलांडली होती. झीज सगळीकडे सारखीच होती, म्हणजे शाफ्ट वाकडा नव्हता. कारण वर तळीत सापडलं. सक्शन पाइपाच्या तोंडावरची जाळी फाटली होती, आणि पावसाळ्यात डोंगरावरून उतरलेली चिऱ्याच्या मातीची रेव थेट पंपात जात होती. स्लीव्हवर नख फिरवलं तर खाचेत अडकत होतं.

गनमेटलच्या नव्या रिंगा ०.४ फटीवर कातून घेतल्या. त्याहून घट्ट करू नयेत. ०.२ वर पाणी अजून कमी मागे जाईल असं वाटतं, पण शाफ्ट थोडा जरी लवला तरी रिंगा एकमेकींना धरतात. स्लीव्ह नवी घातली. बॉक्सचा व्यास ५५, स्लीव्हचा ३५, फरकाचा निम्मा दहा, म्हणून दहा मिलिमीटरची दोरी. स्लीव्हच्याच मापाच्या दांड्यावर गुंडाळून चार रिंगा कापल्या आणि प्रत्येकीचा सांधा आधीच्यापासून पाव फेरी पुढे ठेवून बसवल्या. सांधे एका रेषेत आले तर पाण्याला सरळ वाटच मिळते.

विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पंपाचं मात्र वेगळं असतं. तिथे स्टफिंग बॉक्सशी दाब हवेपेक्षा कमी असू शकतो, मग पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. ग्लँड कोरडा दिसतो, मालक खूश असतो, आणि पंपाचं पाणी मधूनच तुटतं. चालू पंपाच्या ग्लँडाजवळ पेटती उदबत्ती धरावी, हात आणि कपडे शाफ्टपासून लांब ठेवून. धूर आत ओढला गेला तर हवा शिरतेय. असा कोरडा ग्लँड धारेइतकाच चिंतेचा.

नव्या रिंगांवर काकांच्या टाकीतलं हजार लिटरचं पाणी ८४ सेकंदांत भरलं. दुरुस्तीआधी मी मोजलं होतं तेव्हा १०६ लागले होते. ग्लँडातून मिनिटाला पन्नास थेंब पडत होते. काकांनी पंपघराच्या भिंतीवर खडूने तारीख आणि ८४ लिहून ठेवलं. मे महिन्यात गेलो तेव्हा खाली ८७ लिहिलेलं होतं, थेंब तेवढेच होते आणि जाळी शाबूत. पंप उघडायचं काही कारण नव्हतं.