पार्श्वभूमी: कानातला ओला मळ, कोरडा मळ आणि घरातले वेगवेगळे कान

कोकणातल्या कुठल्याही घरात आंघोळीनंतर कान कोरण्याची सवय सापडते. कुणी कापसाची काडी घालतो, कुणी केसाचा आकडा, तर जुन्या पेटीत चिमट्याच्या कडीला अडकवलेले कानकोरणे अजून असते. पण एकाच घरात एकाच्या काडीवर मधासारखा चिकट, तपकिरी मळ येतो आणि दुसऱ्याच्या काडीवर राखाडी-पिवळसर सुका भुगा. हा फरक स्वच्छतेचा नाही, खाण्यापिण्याचा नाही आणि हवेचाही नाही. जन्मतः ठरलेले हे दोन प्रकार आहेत.

कानातल्या मळाचा विचार आपल्याकडे जुना आहे. उष्णतेने सुकलेला कफ म्हणजे कर्णगूथ, असे आयुर्वेदाने सांगितले. तो विचार मळ घट्ट होण्याच्या आजाराचा होता, माणसामाणसातल्या प्रकारांचा नव्हता. प्रकारांकडे नीट लक्ष गेले ते विसाव्या शतकात, जपानमध्ये, कारण तिथे बहुसंख्य लोकांचा मळ कोरडा आणि थोड्यांचाच चिकट. १९६२ साली तिथल्या एका संशोधकाने कुटुंबे तपासून मांडले की ओला प्रकार प्रभावी आणि कोरडा अप्रभावी आहे. २००६ मध्ये जपानी गटानेच त्यामागचे जनुक दाखवले. त्याचे नाव एबीसीसी११.

हे जनुक पेशीच्या भिंतीत बसणारा एक पंप बनवते. कानाच्या नळीतल्या ग्रंथींमधून काही पदार्थ बाहेर सोडणे हे त्याचे काम. जनुकातले एकच अक्षर बदलले की त्या प्रथिनात ग्लायसिनच्या जागी आर्जिनिन येते, प्रथिन नीट तयार होत नाही आणि पेशी स्वतःच ते मोडून टाकते. पंपच नाही म्हटल्यावर मळात तो चिकट भाग येत नाही, उरतो सुटा कोंडा. हाच पंप काखेतल्या ग्रंथींतही असतो, म्हणून कोरड्या मळाच्या माणसांच्या घामाला काखेत वास कमी येतो. आईबापांकडून मिळालेल्या दोन प्रतींपैकी एक जरी चालू असली तरी मळ ओला होतो. कोरड्यासाठी दोन्ही प्रती बदललेल्या लागतात. पूर्व आशियात कोरडा प्रकार फार, युरोप-आफ्रिकेत अगदी विरळ, आणि दक्षिण आशिया या दोन टोकांच्या मधे. म्हणूनच आपल्याकडे दोन्ही प्रकार एका छपराखाली भेटतात.

एक घर धरून पाहू. वेंगुर्ल्याच्या एका घरात आजीचा, म्हणजे वडिलांच्या आईचा, मळ कोरडा आहे. वडिलांचा ओला, आईचा ओला, थोरल्या मुलाचा कोरडा आणि धाकट्या मुलीचा ओला. आजीकडे द्यायला बदललेलीच प्रत होती, तेव्हा वडिलांकडे एक बदललेली प्रत नक्की आहे. आईच्या माहेरी कुणाचाही मळ कोरडा नसेल, तरी थोरल्याचा कोरडा निघाला यावरूनच कळते की तिच्याकडेही एक प्रत लपलेली आहे. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला कोरडा मळ मिळण्याची शक्यता चारात एक. धाकटीचा मळ ओला असला तरी तिच्याकडे ती लपलेली प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. थोरल्याला बायकोही कोरड्या मळाची मिळाली तर त्यांची सगळी मुले कोरड्याच मळाची होतील. हा हिशेब समजला की ‘भावाचे कान बघ किती साफ, तुझेच घाणेरडे’ हे मुलीला ऐकवायचे कारण उरत नाही.

खरा गोंधळ मात्र ‘ओला’ आणि ‘कोरडा’ या शब्दांतच आहे, आणि त्यापायी उपचार चुकतात. म्हाताऱ्या माणसाच्या कानातून काळा, दगडासारखा गोळा निघतो तेव्हा घरातले म्हणतात, ‘मळ अगदी कोरडा झालाय.’ तो बहुतेकदा ओल्या प्रकाराचाच असतो. वयाने ग्रंथींचा स्राव घटतो, पुरुषांच्या कानातले केस जाड होतात, मळ बाहेर सरकत नाही आणि साचून वाळतो. जन्मजात कोरडा मळ गोळा होऊन बसण्यापेक्षा पापुद्र्यांनी गळतो. रंगावरून हे ओळखता येते: वाळलेला ओला मळ गडद तपकिरी किंवा काळा, तर कोरड्या प्रकाराचा राखाडी, फिकट.

याहून धोक्याचा गोंधळ दुसरा. मळाचा प्रकार जन्मभर तोच राहतो आणि दोन्ही कानांत सारखाच असतो. ज्या मुलाचा मळ नेहमी भुग्यासारखा, त्याच्या एकाच कानातून श्रावणात अचानक ओलसर काही येऊ लागले, तर ते ‘ओला मळ’ म्हणून पुसून टाकू नये. तो कान वाहतो आहे. पडद्याला भोक पडून पू येत असेल किंवा बुरशी झाली असेल. आपल्या दमट किनाऱ्यावर, विहिरीत नाहीतर खाडीत डुंबणाऱ्या मुलांत, बुरशी नवलाची नाही: सारखी खाज, कान भरल्यासारखा वाटणे, आत कापसासारखा पांढरा थर किंवा काळे ठिपके. मळाला एवढी खाज नसते आणि दुर्गंधी तर नसतेच.

काडीबद्दलचा वाद गेल्या काही दशकांतला. अमेरिकेतल्या कानतज्ज्ञांनी २००८ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये सांगितले की त्रास नसेल तर मळ काढूच नये. आपल्याकडे हे अनेकांना आळसाचे समर्थन वाटते. माझ्या मते यामागे कानाची रचनाच आहे. नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब; मळ करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात. आतला भाग हाडाचा, त्यावरची कातडी अतिशय पातळ, तिथे मळ तयारच होत नाही. पडद्याजवळ मळ दिसला तर तो बहुधा कुणीतरी ढकललेला असतो. एरवी नळीची कातडी स्वतःच पडद्याकडून बाहेर सरकत राहते आणि मळाला सोबत घेऊन येते.

काडीने दोन्ही प्रकारांचे नुकसान होते, पण वेगवेगळे. ओला मळ काडीच्या टोकाला थोडा लागतो आणि उरलेला आत दाबला जातो. पुढे पोहताना पाणी शिरले की तो फुगतो आणि कानाला दडे बसतात. कोरड्या मळात काडीला काही लागतच नाही, म्हणून माणूस अधिक खोल जातो आणि कातडी खरवडतो. कोरड्या मळाला कानाच्या तोंडाशी आलेला भुगा पदराने किंवा रुमालाने टिपणे पुरते. ओल्याला बाहेरचा भाग पुसणे पुरते.

खोबरेल तेलाबद्दल सरसकट नाही म्हणता येत नाही. ओला मळ वाळून दडे बसले असतील, पडदा शाबूत असेल आणि कान वाहत नसेल, तर कोमट तेलाचे दोन-तीन थेंब तीन ते पाच दिवस घातल्याने तो मऊ पडतो. पण भुगा काढायला तेल लागत नाही, आणि बुरशीच्या कानात तेल घातल्याने ती जात नाही. बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडण्याची रीत मळासाठी तरी गरजेची नाही. तेलानेही दडे सुटले नाहीत तर दवाखान्यात पिचकारीने किंवा सक्शनने मळ काढतात. पिचकारीचे पाणी शरीराइतके, सुमारे ३७ अंश, कोमट लागते. गार पाण्याने आतल्या तोलाच्या नळ्यांतला द्रव हलतो आणि गरगरते. पूर्वी कधी कान वाहिला असेल तर ते पिचकारीआधीच डॉक्टरांना सांगावे, कारण पडद्याला भोक असेल तर पिचकारी मारत नाहीत.