ऑर्डर रद्द का, हे एक. दंड माफ का, हे दुसरं

कन्फर्म झालेल्या ऑर्डरी रद्द करणारी पत्रं मी बारा वर्षं वाचली, तेव्हा मी खोक्यांच्या कारखान्यात ऑर्डरी घ्यायला बसायचो. आता मसाल्याच्या कारखान्यात खरेदी बघतो, त्यामुळे तशी पत्रं अधूनमधून मलाच लिहावी लागतात. दोन्हीकडे घोळ एकच आहे. ऑर्डर का रद्द करतोय आणि दंड का माफ करावा, या दोन प्रश्नांना लोक एकच उत्तर देतात. पहिल्या कारणावर पानभर लिहितात आणि शेवटी जोडतात, "तरी कॅन्सलेशन चार्ज माफ करावा ही नम्र विनंती." या "तरी"ला मागे काहीच आधार नसतो.

रद्द करण्याचं कारण तुमच्या घरचं असतं. गिऱ्हाईक फिरलं, पॅकिंग बदललं, पैसे अडकले. ते खरं सांगा, दोन ओळींत सांगा आणि पुढे चला. "अपरिहार्य कारणास्तव" मात्र लिहू नका. हे शब्द वाचले की पुरवठादाराला एवढंच कळतं, की याला कुठेतरी स्वस्त मिळालंय आणि हा ते लपवतोय. खरंच स्वस्त मिळालं म्हणून रद्द करत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: माफी मागूच नका, ठरलेला चार्ज भरा. एका गावातल्या धंद्यात ही गोष्ट आठ दिवसांत बाहेर येते.

दंड माफ करण्याचं कारण पुरवठादाराच्या घरचं असतं. ऑर्डर रद्द झाली तर त्याचं नुकसान नेमकं किती होतं आणि ते ठरलेल्या दंडापेक्षा कमी का आहे, हे तुम्ही त्याला दाखवायचं असतं. तुमची अडचण ऐकून त्याला वाईट वाटेल, पण वाईट वाटण्याची नोंद त्याच्या वहीत होत नाही. त्याला भागीदाराला किंवा हिशेबनिसाला सांगता येईल असं काहीतरी लागतं.

ते शोधायला काम कुठवर आलंय हे कळायला हवं. खोक्यांचंच उदाहरण घेऊ. पाच प्लायच्या छापील खोक्यासाठी क्राफ्ट पेपरची रिळं येतात, छपाईचा ठसा म्हणजे स्टिरिओ बनतो, मग कोरुगेशन म्हणजे कागदाला लाटा पाडणं, चिकटवणं, कटिंग, छपाई आणि शेवटी पिनिंग. यात स्टिरिओ फक्त तुमचा असतो, तो दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही. कागद मात्र नेहमीच्या वजनाचा असेल तर दुसऱ्या ऑर्डरीला जातो. शीट तुमच्या मापाला कापली गेली की तिचा उपयोग कमी होतो, आणि तुमचं नाव छापलं गेलं की ती रद्दीच. म्हणजे कोरुगेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मागितलेली माफी आणि छपाईनंतर मागितलेली माफी, दोन्हींतले शब्द तेच असले तरी मागणी एक नसते.

म्हणून आधी फोन. फोनवर फक्त दोनच गोष्टी: "पुढचं काम थांबवा" आणि "आत्ता कुठवर आलंय?" पैशांचं बोलणं तिथे काढू नका. घाईत विचारलं की घाईत "नाही" येतं, आणि एकदा "नाही" म्हटलेला माणूस मागे फिरत नाही. त्याच दिवशी मेल.

आमच्या बाबतीत घडलं ते असं. आठ हजार खोकी, 32 रुपये दर, जीएसटी सोडून 2,56,000 रुपये. अटींमध्ये रद्द केल्यास 20 टक्के, म्हणजे 51,200 रुपये. अॅडव्हान्स 30 टक्के, 76,800 रुपये, आधीच दिलेला. आमच्या गिऱ्हाइकाने अर्धा किलोचं पाकीट बंद करून दोनशे ग्रॅमचं मागितलं, त्यामुळे खोक्याचं माप आणि छपाई दोन्ही बदललं. फोनवर कळलं की कागद आलाय, स्टिरिओ तयार आहे, कोरुगेशन परवा लागणार आहे. मी लिहिलं ते असं:

"महोदय, आमच्या गिऱ्हाइकाने पाकिटाचं वजन बदलल्यामुळे ही ऑर्डर आम्हाला रद्द करावी लागत आहे. सकाळी फोनवर आपण सांगितलंत त्यानुसार कोरुगेशन अजून सुरू झालेलं नाही आणि आणलेला कागद आपल्या इतर ऑर्डरींना चालणारा आहे. स्टिरिओ मात्र फक्त आमच्यासाठी बनला, त्याचे 9,000 रुपये आम्ही पूर्ण देऊ. हे पाहता अटींप्रमाणे लागणारे 51,200 रुपये आपण माफ करावेत अशी विनंती आहे. अॅडव्हान्समधून स्टिरिओची रक्कम वजा करून उरलेले 67,800 रुपये आम्ही परत मागत नाही, ते आपल्याकडेच ठेवून नव्या मापाच्या ऑर्डरीत वळते करावेत. नवं माप पुढच्या सोमवारपर्यंत पाठवतो. आपल्या वेळापत्रकात गडबड झाली याबद्दल मनापासून दिलगीर आहोत."

दिलगिरी एकदाच, आणि तीही त्याच्या झालेल्या गैरसोयीबद्दल. प्रत्येक परिच्छेदात "क्षमस्व" लिहिलेलं पत्र मला खटकतं, कारण त्यात वाचणाऱ्यानेच आपली समजूत काढावी अशी अपेक्षा असते. नम्रपणा खरा दिसतो तो 9,000 रुपये न मागता कबूल करण्यात. जे त्याचं खरोखर गेलं ते आपणहून देऊ केलं, की बाकीचं सोडायला तो मोकळा होतो. सरसकट सगळं माफ करा म्हटलं, तर त्याला पहिल्या रुपयापासून भांडावं लागतं.

अॅडव्हान्सचं स्पष्ट लिहायलाच हवं. दंड माफ होणं आणि अॅडव्हान्स परत मिळणं हे निराळं आहे. नुसतं "दंड माफ करा" लिहिलंत, तर तो दंड सोडेल आणि अॅडव्हान्स तसाच पडून राहील. शिवाय हातातले पैसे बाहेर काढणं लहान कारखानदाराला दंड सोडण्यापेक्षा जड जातं. पुढची ऑर्डर खरंच देणार असाल, तर रक्कम त्याच्याकडेच ठेवणं हे माफीचं सगळ्यात भक्कम कारण आहे. देणार नसाल तर तसं खोटं लिहू नका.

आणखी एक गफलत हल्ली वाढली आहे. कुणीतरी सांगतं की कायद्याप्रमाणे एवढा दंड लावताच येत नाही, आणि ते वाक्य विनंतीच्या पत्रात घुसतं. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 74 खरंच असं सांगतं, की करारात आकडा लिहिलेला असला तरी त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. पण "आपण लावू शकत नाही" ही हरकत झाली, "आपण सोडावा" ही विनंती. दोन्ही एकाच कागदावर आल्या की समोरचा विनंती बाजूला ठेवून हरकतीला उत्तर देतो, आणि ते उत्तर बहुधा त्याचा वकील लिहितो. विनंती आधी करा. ती फेटाळली गेली आणि रक्कम मोठी असेल, तर हरकत वेगळ्या पत्रात, जाणकाराला दाखवून.

आम्हाला दोन दिवसांनी उत्तर आलं: चार्ज माफ, पण स्टिरिओबरोबर कागद उतरवल्याची हमाली 1,800 रुपये. मी लगेच मान्य केलं, कारण तो खर्च खराच झाला होता. मग मेलवर एकच मागितलं: रद्द केलेल्या ऑर्डरीचा नंबर, माफ केलेली रक्कम आणि शिल्लक अॅडव्हान्स 66,000 रुपये हे तिन्ही एका ओळीत लिहून द्या. नव्या ऑर्डरीचं बिल आलं तेव्हा हिशेब करणारा मुलगा नवीन होता. त्याने अॅडव्हान्स वजा न करता पूर्ण रक्कम लावली होती. ती एक ओळ पाठवली आणि त्याच दिवशी दुरुस्त बिल आलं.